मोठा ग्रुप येतोय? बेल डेस्कची यादी आधी बदला

उदाहरणासाठी हॉटेलवर येणारी ४२ जणांची एक बस धरू. २२ खोल्या, त्यातल्या २० दोघा-दोघांच्या आणि २ एकेकट्यांच्या. रूमिंग लिस्ट आदल्या दिवशी हातात हवी. तिच्यात नावं तर असतातच, पण कोण कोणाबरोबर राहणार, पलंग वेगळे हवेत की एकच मोठा, निघण्याची तारीख कोणती आणि सगळ्या ग्रुपच्या एकत्र मास्टर बिलात काय धरायचं हेही तपासा. वेगळे पलंग मागितलेल्यांना एकच मोठा पलंग मिळाला, तर ते ऐन गर्दीत परत काउंटरवर येतात. खोल्या शक्यतो लागून असलेल्या दोन मजल्यांवर द्या, म्हणजे सामानाच्या फेऱ्या कमी होतात.

आता मुख्य गोष्ट, मागच्या वेळी नेमकी हीच राहिली होती. यादीत बदल झाला की तो सामान खोल्यांवर पोचवणाऱ्या बेल डेस्कला कळवा. रिसेप्शन सिस्टीममध्ये खोली बदलतं, चावीचं पाकीट बदलतं आणि काम झालं असं समजतं. बेल कॅप्टनच्या हातात मात्र सकाळचाच कागद असतो. समजा, दुपारी तीन वाजता २१४ मधला एसी बंद पडला आणि तिथल्या दोघांना ३०९ दिली. पाहुणे बरोबर ३०९ मध्ये पोचतात, बॅगा २१४ च्या दारात जाऊन पडतात. कोणाचं औषध बॅगेत असतं, कोणाला अंघोळ करून कपडे बदलायचे असतात, आणि बेलबॉय दोन मजले दारं ठोठावत फिरतात.

म्हणून प्रत्येक यादीच्या डोक्यावर वेळ लिहा: ‘सुधारित, दुपारी ३:२०’. नवीन प्रत देताना जुनी परत घ्या आणि तिथेच फाडा. नुसतं फोनवर सांगू नका. बेल कॅप्टनची सही घ्या. हाउसकीपिंगलाही तीच प्रत द्या, नाहीतर तयार झालेली खोली वेगळी आणि दिलेली वेगळी असं होतं.

की-कार्डं दुपारीच करून ठेवा. दोघांच्या खोलीला दोन, म्हणजे एकूण ४२. दुसरं कार्ड ‘डुप्लिकेट’ म्हणूनच बनवा. ‘नवीन’ म्हणून बनवलंत, तर बहुतेक सिस्टीममध्ये ते दाराला लावल्याबरोबर पहिलं बंद पडतं. निघण्याची तारीख नीट घाला. मुक्काम दोन रात्रींचा आणि कार्ड एका रात्रीचं असेल, तर दुसऱ्या दिवशी सगळा ग्रुप एकदम दाराबाहेर उभा राहतो. प्रत्येक मजल्यावरची दोन-तीन कार्डं प्रत्यक्ष दाराला लावून बघा. पाकिटावर बाहेर फक्त नाव, खोलीचा नंबर आत. पाकिटं आडनावाच्या क्रमाने उभी लावा. आडनाव सारखं असेल तर पूर्ण नाव लिहा. आणि वाटताना खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारू नका, लॉबीत अनोळखी माणसंही असतात.

हाउसकीपिंगने तपासून ‘तयार’ म्हटलेल्या खोलीचंच पाकीट टेबलावर ठेवा. बाकीची बाजूला.

टूर लीडरला सांगून ठेवा, पोचायच्या अर्धा तास आधी फोन कर. त्याच फोनवर विचारा, बसमध्ये कोणी खोली किंवा जोडीदार बदललाय का. बदलला असेल तर पाकीट बदला आणि, परत सांगतो, बेल डेस्कचा कागद बदला.

वेलकम ड्रिंक ४२ नाही, ४८ ग्लास धरा. लीडर ४२ मध्येच आला, पण ड्रायव्हर असतो आणि एखादा ग्लास सांडतो. बर्फ घालून आधीच भरून ठेवलं तर पाणचट होतं, तेव्हा बस दहा मिनिटांवर आली की भरा. एखादं बिनसाखरेचं ठेवा. ड्रिंकचं टेबल दाराजवळ, चाव्यांचं आत. दोन्ही शेजारी ठेवलीत, तर एका हातात ग्लास, दुसऱ्यात पासपोर्ट, आणि रांग जागची हलत नाही. रिकामे ग्लास ठेवायला वाटेत एक टेबल लागतंच.

बॅगा बसमधून उतरतानाच लीडरसमोर मोजा, आकडा लिहा, सही घ्या. मग लॉबीच्या एका कोपऱ्यात दोरी लावून ठेवा. टॅगवर सहसा फक्त नाव असतं, खोलीचा नंबर आपण घालायचा, आणि तो शेवटच्या सुधारित यादीवरूनच. चाव्या घेताना दोघी मैत्रिणी आपसात खोल्या बदलतात, हे हमखास होतं. अशा बदलाची चिठ्ठी एकाच माणसाने, दोन प्रतींत लिहायची: एक रिसेप्शनला, एक बेल डेस्कला. चिठ्ठी पोचेपर्यंत त्या बॅगा हलवायच्या नाहीत.

ओळखपत्रांच्या प्रती लीडरकडून आधीच मागवा. लिफ्टपाशी एक माणूस उभा करा. शेवटची बॅग गेली की आकडा पुन्हा जुळवा.

वेकअप कॉल, नाश्ता, सकाळी बॅगा खोलीबाहेर कधी ठेवायच्या: लीडरकडून त्याच संध्याकाळी लिहून घ्या. त्याचीही एक प्रत बेल डेस्कला.