घट्ट अंबाडा, वेणी, पगडीने कपाळावरचे केस मागे जातायत? या चुका टाळा

माझी भाची भरतनाट्यम शिकते, 7 वर्षांची होती तेव्हापासून, आता 19 ची आहे. आठवड्यातून चार दिवस क्लास, त्यात अंबाडा एकदम टाईट, आणि कार्यक्रम असला की वर गंगावण आणि गजरे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिचे केस विंचरताना मला दिसलं की दोन्ही कानांच्या वर, कपाळाच्या कोपऱ्यात केस पार विरळ झालेत. ताई म्हणाली, आपल्या आईचंही कपाळ मोठंच होतं, घराण्यातलंच असणार. इथेच पहिली चूक होते बघा, आपण आनुवंशिक म्हणून सोडून देतो आणि वर्षं निघून जातात.

स्किनच्या डॉक्टरांनी ते कोपरे भिंगातून बघितले आणि म्हणाले हा ट्रॅक्शन अलोपेशिया आहे, म्हणजे रोजच्या ओढीने केस मुळातून सैल होत जाणं. त्यांनी एक खूण दाखवली ती मला फार कामाची वाटली. केस गेलेल्या पट्ट्याच्या पुढे, अगदी कपाळाच्या कडेला, बारीक लव टिकून होती, एखादी झालर असावी तशी. ती लव इतकी आखूड असते की अंबाड्यात सापडतच नाही म्हणून वाचते, आणि ओढ बसते ती तिच्या मागच्या लांब केसांवर. अशी झालर दिसली तर संशय आधी अंबाड्यावर घ्यायचा.

त्याच्याही आधी शरीर सांगत असतं पण आपण ऐकत नाही. वेणी घातल्यावर डोकं ठणकणं, केसांच्या मुळाशी लाल बारीक फोड किंवा पू धरलेल्या फुटकुळ्या, सोडल्यावर मुळं दुखणं. भाचीला हे सगळं दोन वर्षं होत होतं आणि क्लासमधल्या मोठ्या मुली म्हणायच्या सवय होईल. सवय होत नाही हो, मूळ सुजत असतं ते. आरशात जवळून बघा, केसाच्या बुडाशी कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसली की तो अंबाडा लगेच सोडा.

दुसरी मोठी चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात, विरळ जागा झाकायला मागचे केस पुढे घेऊन आणखी ओढून बांधायचे आणि वर पिना खोचायच्या. म्हणजे ज्या केसांनी आधीच तग धरलाय त्यांच्यावरच जास्त भार. त्यात ताईने रोज रात्री कांद्याचा रस चोळून वर घट्ट वेणी घालून झोपवायला सुरुवात केली, त्याने फुटकुळ्या जास्तच चिघळल्या. सुजलेल्या जागेवर काही चोळायचंच नाही. ओले केस तर मुळीच आवळून बांधू नका, ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. स्ट्रेटनिंग केलं असेल तर आणखी जपा कारण केमिकलने केस आधीच कमकुवत झालेला असतो.

मग आम्ही काय केलं, तर क्लासच्या बाईंशी बोलून रोजच्या सरावाला सैल वेणी आणि अंबाडा फक्त कार्यक्रमाला असं ठरवलं. तोही खाली मानेजवळ, गंगावण हलकं, आणि घरी आल्याबरोबर सोडायचा. भांग दर काही दिवसांनी बदलायचा, रबराऐवजी कापडी बँड. झोपताना केस मोकळे किंवा अगदी ढिले. डॉक्टरांनी सूज उतरायला थोडे दिवस लावायचं स्टिरॉइडचं औषध दिलं आणि नंतर केस उगवायला मिनॉक्सिडिल. ते मनाने आणून लावू नका, गरोदरपणात तर नाहीच, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळल्यासारखे वाटतात तेव्हा घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. ओढ तशीच ठेवून नुसतं औषध लावलं तर पैसे वाया.

पगडी बांधणाऱ्यांचंही हेच आहे, नांदेडच्या आमच्या एका शीख शेजाऱ्यांचे कपाळावरचे केस असेच मागे गेले होते. त्यांच्यात ओढ पगडीपेक्षा तिच्या आत बांधलेल्या केसांच्या जुड्याची जास्त असते. जुडा जरा सैल, रोज तंतोतंत त्याच जागी नाही, रात्री उघडा, एवढ्याने केस आणखी मागे जाणं थांबलं. दाढी ओढून बांधणाऱ्यांनी हनुवटीखालीही बघावं.

केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो त्यामुळे तीन-चार महिन्यांआधी निकाल शोधत बसू नका, महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा. भाचीच्या उजव्या कानाच्या वरच्या विरळ जागेत चार महिन्यांनी बोटाच्या पेराएवढे केस आले. डावीकडे मात्र एक छोटा चट्टा गुळगुळीत, चकचकीत झालाय, तिथे मुळांची छिद्रंच दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले तिथली मुळं बहुतेक कायमची गेलीत, तिथे औषध चालणार नाही, पुढे हवंच असेल तर ट्रान्सप्लांट आणि तेही ओढ पूर्ण थांबल्यावरच. दोन वर्षांपूर्वी ती डोकं ठणकतं म्हणाली होती तेव्हाच नेलं असतं तर हा चट्टा झाला नसता.