सीनियरला इंटर्नशिपबद्दल मेसेज करताय? या चुका टाळा

मला कॉलेज सोडून सहा वर्षं झाली आणि दर वर्षी टीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे लिंक्डइनवर मेसेज येतात, मला शक्य तितक्यांना उत्तर द्यायचंच असतं, पण बऱ्याच मेसेजना काय उत्तर द्यावं हेच कळत नाही. मुलं हुशार असतात, फक्त मेसेजमध्ये विचारलेलंच काही नसतं.

सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे नुसतं "हाय सर". पुढे काहीच नाही. समोरचा "हाय, बोल" म्हणेल मग आपण विचारू असं डोक्यात असतं, पण ऑफिसमधून घरी जाताना बसमध्ये फोन बघणारा माणूस ते वाचतो, नंतर बघू म्हणतो आणि ते खाली जातं ते जातंच. जे विचारायचंय ते पहिल्याच मेसेजमध्ये टाका.

दुसरी चूक त्याच्या बरोबर उलटी. स्वतःची ओळख, सीजीपीए, प्रोजेक्ट, आवड, वर रेझ्युमेची लिंक आणि शेवटी "रेफरल मिळेल का?". अरे, तुम्हाला अनुभव विचारायचा होता ना? रेफरल म्हणजे समोरच्याने कंपनीत स्वतःचं नाव तुमच्यामागे लावणं, ते अनोळखी माणसासाठी कोणी करत नाही, आणि एकदा ते मागितलं की मूळ प्रश्न राहूनच जातो, कारण आता "नाही" कसं म्हणू या विचारात तो उत्तरच देत नाही.

आता मेन गोष्ट, प्रश्न. "तुमचा इंटर्नशिपचा एक्सपिरियन्स कसा होता?" हा प्रश्न ऐकायला चांगला वाटतो पण याचं उत्तर एकतर "छान होता" किंवा मग दोन पानी निबंध, मधलं काही नाही. आधी कॉलेजच्या लिंक्डइन पेजवर Alumni मध्ये जा, तिथे कुठे काम करतात, कुठल्या वर्षी पासआउट, असं शोधता येतं, दोन-तीन वर्षांपूर्वीचेच सीनियर निवडा कारण दहा वर्षांपूर्वीची इंटर्नशिप आता तशी राहिलेली नसते. मग प्रोफाइल नीट वाचा आणि तिथे जे लिहिलेलं नाही तेच विचारा.

समजा एका मेकॅनिकलच्या मुलीला चाकणला क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये इंटर्न असलेली सीनियर सापडली. तिने आधी लिहिलं होतं, "मॅडम, मला ऑटोमोबाइलमध्ये इंटरेस्ट आहे, प्लीज गाइड करा." यावर कोणी काय गाइड करणार? तेच असं लिहा:

"नमस्कार ताई, मी टीई मेकॅनिकल, आपल्याच कॉलेजची. तुम्ही चाकणला क्वालिटीत इंटर्न होतात ना? पहिल्या महिन्यात शॉप फ्लोअरवर काम मिळतं की रिपोर्टच? दोन ओळीत सांगितलंत तरी चालेल."

याचं उत्तर ती चहा पिता पिता देऊ शकते. आणि बघा, प्रश्न एकच आहे. स्टायपेंड किती, इंटरव्ह्यूत काय विचारलं, पीपीओ म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरीची ऑफर मिळाली का, हे सगळं तिने उत्तर दिल्यावर, एकेक करून. दोन-तीन वर्षांच्या सीनियरला ताई-दादा चालतं, पण सोबत "तुम्ही" ठेवा, जास्त जुनी बॅच असेल तर सर-मॅडमच बरं.

एक टेक्निकल भानगड पण आहे. कनेक्शन पाठवताना Add a note मध्ये फ्री अकाउंटला फक्त 200 कॅरेक्टर मिळतात, आणि अशा नोटही महिन्याला मोजक्याच, त्यामुळे सरसकट पन्नास जणांना पाठवायच्या भानगडीत पडू नका. देवनागरीत लिहिताना काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून मेसेज दिसायला छोटा असला तरी लिमिट लवकर संपते. वरचा मेसेज 170 च्या आसपास बसतो.

रिक्वेस्ट बरेच दिवस पेंडिंग दिसली म्हणून घाईत Withdraw करून परत पाठवू नका, एकदा मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. पेंडिंग म्हणजे बहुतेक वेळा त्याने अ‍ॅपच उघडलेलं नसतं. रिक्वेस्ट घेतली पण उत्तर नाही, तर आठवडाभराने एकच ओळ टाका, "ताई, वेळ मिळाला तर वरचा प्रश्न बघाल का?" त्यानंतरही शांतता असेल तर दुसऱ्या सीनियरला विचारा. आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नंबर काढून डायरेक्ट फोन तर अजिबात करू नका, हे मला स्वतःला फार खटकतं, मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबर वाजतो आणि पलीकडून "सर ओळखलंत का".

उत्तर आलं की "थँक्यू" वर थांबू नका. वरच्या मुलीला समजा कळलं की पहिला महिना बहुतेक मोजमाप घेण्यातच जातो, तर तिने व्हर्नियर आणि मायक्रोमीटरची प्रॅक्टिस करून पंधरा दिवसांनी तसं कळवावं, आणि इंटरव्ह्यूबद्दलचा प्रश्न त्याच मेसेजमध्ये विचारावा.