'काइंडली डू द नीडफुल' परदेशी क्लायंटला का कळत नाही

आमच्या टीममध्ये कॉलेजमधून नुकतं आलेलं पोरगं इंग्लंडच्या क्लायंटला पहिली मेल लिहितं, तेव्हा ती बहुतेक वेळा अशी असते: 'डिअर सर, पीएफए द ॲक्सेस फॉर्म. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम ॲट द अर्लिएस्ट.' व्याकरणाची चूक काढायची तर 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' सोडून फारसं हाती लागत नाही. तरी तीन दिवस उत्तर येत नाही आणि पोरगं म्हणतं, क्लायंट मेल वाचतच नाही.

तो वाचतो, पण त्याला काय करायचं ते कळत नाही. 'डू द नीडफुल' मूळचं इंग्रजांचंच. तिकडे ते जवळजवळ मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांमध्ये टिकून राहिलं. 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' हे त्याचं मराठी भावंड म्हणायला हरकत नाही. सरकारी फाइलवर ते चालतं, कारण फाइल कुठल्या टेबलावर गेली की काय करायचं, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ठाऊक असतं. मँचेस्टरमधल्या मॅनेजरला आपली पद्धत ठाऊक नसते. फॉर्म नुसता जपून ठेवायचा, सही करायची, की पुढे कुणाकडे पाठवायचा, हे त्याने ओळखायचं कसं?

म्हणून 'नीडफुल'च्या जागी दुसरा शब्द शोधत बसू नका, तसा शब्द नाही. समोरच्याने नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, ते लिहा. वरची मेल आम्ही अशी बदलली: 'सोबतच्या फॉर्ममधल्या दोघांना टेस्ट डेटाबेस फक्त वाचण्याचा ॲक्सेस हवा आहे. कुड यू प्लीज अप्रूव्ह इट बाय थर्सडे, थ्री पीएम यूके टाइम? शुक्रवारी टेस्टिंग सुरू होतंय. मंजुरी दुसरं कुणी देत असेल तर त्यांचं नाव कळवा.' (मराठी वाक्यं तुमच्यासाठी, मेलमध्ये सगळं इंग्रजीत जाईल.) गंमत म्हणजे हे लिहायला बसल्यावर त्या पोराच्या लक्षात आलं, की ॲक्सेस वाचण्यापुरता हवा की बदल करण्याचाही, हे त्यानेच ठरवलेलं नव्हतं. 'नीडफुल' लिहिलं की हे असं झाकून जातं.

वेळेबरोबर 'यूके टाइम' लिहिलं, त्यालाही कारण आहे. आपण त्यांच्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. 'टुडे ईओडी' लिहिलंत आणि तुमच्या मनात पुण्याचे सहा असतील, तर तेव्हा लंडनमध्ये साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. त्यांचा दिवस मावळायला अवकाश असतो.

'रिव्हर्ट'ची भानगड वेगळीच. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर द्या. बाहेरच्या बऱ्याच वाचकांना तो 'पूर्वस्थितीला न्या' असा लागतो. सॉफ्टवेअरवाल्यांना तर हमखास, कारण `git revert` ही कमांड आधीचा बदल उलटवणारा नवा कमिट तयार करते. आमच्याकडे एकाने 'प्लीज चेक द लॉगिन चेंज अँड रिव्हर्ट' असं लिहिलं आणि तिकडच्या डेव्हलपरने इमानेइतबारे तो बदल उलटवून टाकला. लॉगिनचा जुना दोष परत दिसू लागला, तेव्हा शोधाशोध झाली. इथे मात्र शब्दाला शब्द सरळ मिळतो: 'रिप्लाय' किंवा 'लेट मी नो'.

'आय हॅव अ डाउट इन युअर डिझाइन' हेही असंच. आपल्याला शंका विचारायची असते, समोरच्याला वाटतं याचा माझ्या डिझाइनवर विश्वासच नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट' लिहा आणि लगेच पुढे तो प्रश्न लिहा. नाहीतर 'विचारा' एवढंच उत्तर येतं आणि वेळेच्या फरकात एक दिवस जातो.

बाकीची किरकोळ. 'प्रीपोन'ऐवजी 'मूव्ह इट अर्लिअर' लिहून नवी वेळ द्या. 'आउट ऑफ स्टेशन'ऐवजी 'ऑन लीव्ह' आणि परतायची तारीख. रेझ्युमेत 'पास्ड आउट इन 2023' असेल तर 'ग्रॅज्युएटेड' करा. अमेरिकन माणसाला तुम्ही बेशुद्ध पडला होतात असं वाटायचं.

आपसातल्या मेलमध्ये हे सगळं खुशाल चालू द्या, नाशिकच्या ऑफिसला 'नीडफुल' बरोबर समजतं. वर्षानुवर्षं भारतीय टीमबरोबर काम केलेल्या परदेशी लोकांनाही कळतं, काही जण तर स्वतःच वापरू लागतात. पण मेल पुढे कुणाकुणाला फॉरवर्ड होईल, हे आपल्याला पाठवताना माहीत नसतं. म्हणून बाहेर जाणारी मेल आमच्याकडे आधी शेजारच्या टीममधल्या कुणाला तरी वाचायला देतात आणि एकच विचारतात, 'ही तुला आली असती तर तू काय केलं असतंस?' तो अडखळला, तर मेल परत लिहायची.