पॅरलल ॲक्सेस थिअरमचं डेरिव्हेशन कसं पाठ करावं

बारावी फिजिक्सचे जुने बोर्ड पेपर चाळले की ‘पॅरलल ॲक्सेस थिअरम सांगा आणि सिद्ध करा’ हा प्रश्न हमखास भेटतो. ओळीमागून ओळ घोकली, तर एक ओळ निसटताच पुढचं सगळं अडतं. म्हणून आकृती, पहिली ओळ आणि एक कळीची जागा एवढंच पाठ करावं. बाकीचं बीजगणित आहे, ते तिथल्या तिथे करता येतं.

आधी आकृती काढा, तीही पुस्तक मिटून. C हा सेंटर ऑफ मास, O मधून जाणारा समांतर अक्ष, दोन्हींतलं अंतर h. D पाशी dm वस्तुमानाचा छोटा तुकडा. OC रेषा C च्या पुढे वाढवून D पासून तिच्यावर DN हा लंब टाका. हा लंब विसरला की पुढे काहीच सुचत नाही.

मग पहिली ओळ: O भोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे ∫DO² dm. इथून पायथागोरस लावायचा:

```
DO² = DN² + (NC + h)²
    = DN² + NC² + 2h·NC + h²
    = DC² + 2h·NC + h²
```

dm ने गुणून इंटिग्रेट केलं की तीन पदं मिळतात: I_C, 2h∫NC dm आणि Mh².

कळीची जागा मधल्या पदात आहे. ते शून्य का होतं? पुष्कळ जण नुसतं ‘= 0’ लिहून पुढे जातात, आणि उजळणीच्या वेळी नेमके इथेच अडतात. NC ला चिन्ह आहे: N हा C च्या एका बाजूला असेल तर धन, दुसऱ्या बाजूला असेल तर ऋण. C हा सेंटर ऑफ मास असल्यामुळे या सगळ्यांची वस्तुमानासह बेरीज शून्य येते. NC ला निव्वळ लांबी मानलं तर ती कधीच शून्य होणार नाही. यातूनच प्रमेयाची अटही लक्षात राहते: दोनपैकी एक अक्ष सेंटर ऑफ मासमधूनच गेला पाहिजे. उत्तरात या ओळीशेजारी ‘कारण C हा सेंटर ऑफ मास आहे’ असं जरूर लिहा.

आता कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढा. अडलात तर पुस्तक लगेच उघडू नका. त्या ओळीशी खूण करा, थोडा वेळ आठवून पाहा आणि मगच उघडा. दोन दिवसांनी पुन्हा लिहाल तेव्हा सुरुवात त्या खुणेपासून करा. तिसऱ्या वेळी अक्षरं बदला किंवा O उजवीकडे घ्या. तरीही जमलं, तर ते डेरिव्हेशन डोक्यात बसलं आहे. फसलं, तर नुसतं पानाचं चित्र लक्षात राहिलं होतं.

शेवटी बारीक, एकसारख्या दांड्यावर पडताळून पाहा. मध्यातून जाणाऱ्या लंब अक्षाभोवती ML²/12, टोकाशी h = L/2, म्हणजे ML²/12 + ML²/4 = ML²/3. h चा वर्ग राहून गेला असेल, तर इथे लगेच कळतं.