‘इनफ’ कुठे बसवायचं आणि ‘टू’ कधी काढायचं

सोलापूरहून परदेशी गिऱ्हाइकाला टॉवेलच्या सॅम्पलसोबत जाणारा एक मेल घ्या. त्यात तीन वाक्यं आहेत: ‘अवर टॉवेल्स आर टू सॉफ्ट. द कलर इज इनफ गुड. वी हॅव इनफ गुड टॉवेल्स इन स्टॉक.’ यातली दोन चुकीची आहेत, एक बरोबर. स्पेलिंग तपासून काही हाती लागणार नाही, कारण शब्द सगळे शुद्धच आहेत.

आधी Ctrl+F दाबून `enough` शोधा आणि जिथे जिथे सापडेल तिथे त्याच्या पुढचा शब्द बघा.

विशेषणानंतर नाम नसेल तर ‘इनफ’ विशेषणाच्या मागून येतो. म्हणून दुसरं वाक्य ‘द कलर इज गुड इनफ’. मराठीत ‘पुरेसा चांगला’ असा क्रम असतो, तोच क्रम हात तसाच टाइप करतो. इथवर सोपं आहे.

खरी गफलत तिसऱ्या वाक्यात होते. ‘इनफ गुड दिसलं की उलटं करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अर्धवट आहे. इथे पुढे ‘टॉवेल्स’ हे नाम आहे, त्यामुळे स्वतःला विचारा: पुरेसं काय, नग की दर्जा? स्टॉकमध्ये चांगले टॉवेल हवे तेवढे आहेत असं सांगायचं असेल, तर ‘इनफ’ नामाचा आहे आणि ‘इनफ गुड टॉवेल्स’ बरोबर आहे. ते उलटं करून ‘गुड इनफ टॉवेल्स’ केलंत, तर गिऱ्हाईक वाचेल, ‘चालून जातील असे टॉवेल आहेत’. आपल्याच मालाची किंमत आपणच उतरवायची! शंका आली तर मधलं ‘गुड’ झाकून वाचा. ‘वी हॅव इनफ टॉवेल्स’ म्हणजे तुम्हाला म्हणायचं तेच असेल, तर वाक्याला हात लावू नका. एकवचनात मात्र हा घोळ नाही. तिथे ‘अ गुड इनफ टॉवेल’ एवढंच चालतं.

रंगाचं वाक्यही व्याकरणात बसलं तरी ‘गुड इनफ’ ही स्तुती नव्हे. कौतुक करायचं तर सरळ ‘व्हेरी गुड’ लिहा. ‘व्हेरी गुड इनफ’ ही खिचडी नको.

आता `too` शोधा. वाक्याच्या शेवटी ‘सुद्धा’ या अर्थी आलेला सोडून द्या. बाकी प्रत्येकापुढे ‘त्यामुळे अडचण होते’ असं मनात जोडा. ‘द बेल इज टू हेवी टू लिफ्ट’: गठ्ठा इतका जड की उचलवत नाही. अडचण आहे, पहिला ‘टू’ राहू द्या. ‘अवर टॉवेल्स आर टू सॉफ्ट’ला मात्र अडचण कसली? तिथे ‘व्हेरी’च हवं, नाहीतर गिऱ्हाइकाला ती तक्रार वाटेल.

ही कसोटी ‘नॉट टू बॅड’ला लावू नका. नकारानंतरचा ‘टू’ बहुतेक वेळा नुसता ‘फारसा’ असतो.