न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर वण दिसला, तर नर्सने काय करावे?

बालकांच्या छळाची लक्षणे शिकवताना मी विद्यार्थिनींना आधी एकच गोष्ट पक्की करायला सांगते. जे बाळ अजून पालथेही पडत नाही, त्याच्या अंगावर आपोआप मुका मार उमटत नाही. पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा वण दिसला, तर त्याचे कारण शोधायलाच हवे. चार वर्षांखालच्या मुलाच्या छातीपोटावर, पाठीवर, कानावर किंवा मानेवर वण असेल, तरीही तसेच. चालायला लागलेले मूल पडते ते गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर. कानावर ते क्वचितच पडते.

समजा, सिंधुदुर्गातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात तीन महिन्यांचे बाळ सर्दीसाठी आले आहे. वजन करताना झबले, कुंची सगळे काढा. थंडी आहे, बाळ रडते आहे, ओपीडीत रांग आहे, तरीही काढा. डाव्या कानाची पाळी निळसर दिसते. छातीच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या टोकाएवढे गोल डाग आहेत. बाळाला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरले, तर अगदी असेच डाग उठतात. त्याच पकडीत बाळाला गदगदा हलवले असेल, तर बरगड्या मोडलेल्या असू शकतात आणि मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. बाहेरून मात्र तेवढेच डाग दिसतात.

आता विचारा, पण आरोप न करता: "हे कधी दिसलं? तेव्हा बाळ कुणापाशी होतं?" आजी मालवणीत म्हणते, "झील पाळण्यातसून पडलो." हे वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, वेळ घालून नोंदवा. ते प्रमाण मराठीत सुधारून लिहू नका. मग आईला वेगळे बसवून तोच प्रश्न विचारा. ती म्हणाली, "माका म्हायत नाय," तर तेही तसेच लिहा. पाळण्यातून पडलेल्या बाळाला बहुधा एकाच बाजूला, डोक्याच्या हाडावर मार लागतो. कानाला आणि छातीच्या दोन्ही बाजूंना एकाच पडण्याने मार लागत नाही. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी जखम यांचा मेळ न बसणे, हे कोणत्याही एका डागापेक्षा मोठे लक्षण आहे.

घाई मात्र नको. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मखूण असते. ती निळसर करडी असते, दाबल्यावर दुखत नाही आणि आठवडाभरात रंग बदलत नाही. घरी प्रसूती होऊन के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन राहून गेले असेल, तर रक्तस्रावाचा आजारही असू शकतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि सर्व हाडांचे एक्स-रे सांगतात. वणाच्या रंगावरून "हा तीन दिवसांपूर्वीचा" असे लिहू नका. रंगावरून वय ठरत नाही. शरीराच्या आकृतीवर प्रत्येक डागाची जागा, आकार आणि सेंटिमीटरमध्ये माप तेवढे नोंदवा.

डॉक्टरांना लगेच, समोरासमोर सांगा. बाळ दाखल होते, एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण म्हणून नोंद केली जाते, पोलिसांना कळवले जाते. डॉक्टरांनी "घरचं प्रकरण आहे" म्हणून टाळले, तरी तुमची जबाबदारी संपत नाही. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीही, केव्हाही फोन करू शकते. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 31 मध्ये, गरजू बालकाला बालकल्याण समितीपुढे आणू शकणाऱ्यांत नर्सचा स्वतंत्र उल्लेख आहे. मुदत 24 तासांची आहे, प्रवासाचा वेळ सोडून. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली, तरी पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. पुरावा गोळा करणे तुमचे काम नाही. शंका पुरेशी आहे.

आपल्या भागातली खरी अडचण वेगळी आहे. वॉर्डातल्या मावशी आणि बाळाची आजी एकाच वाडीतल्या असतात. संध्याकाळपर्यंत गावकीतले कुणीतरी येते: "आपण बसून मिटवू." त्यांना शांतपणे सांगा की नोंद झाली आहे आणि आता ती परत घेता येत नाही. केसपेपर टेबलावर उघडा ठेवू नका, बाळाचे नाव व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. आणि बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाकडे लगेच बोट दाखवायचे आणि ओळखीच्या घराला सूट द्यायची, हे तर अजिबात नको. दोघांना तेच प्रश्न, तीच तपासणी.

ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी सांगा: बाळाजवळ कोण बसते, बाळ कुणाला पाहून दचकते, भेटायला कोण आले. घरी मोठे भावंड असेल तर त्याला त्याच दिवशी बोलावून, कपडे काढून तपासायला डॉक्टरांना सांगा.