होम थिएटरचा रिसीव्हर मध्येच बंद पडून PROTECT दाखवत असेल तर काय करायचं

रिसीव्हर बंद पडला, डिस्प्लेवर PROTECT किंवा PROTECTOR आलं की बहुतेक लोक काय करतात तर परत पॉवरचं बटण दाबतात, परत बंद पडला की परत दाबतात. हे आधी थांबवा. आतला प्रोटेक्शन सर्किट स्पीकर आणि ॲम्प दोन्ही वाचवायला बसवलेला असतो, आणि खरोखरच लाल-काळी तार एकमेकींना टेकून शॉर्ट असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर आउटपुटच्या ट्रान्झिस्टरवर परत तोच मार बसतो. काही कंपन्यांच्या सेटमध्ये तर लागोपाठ काही वेळा प्रोटेक्शन लागलं की तो चालूच होत नाही, सर्व्हिसवाल्यानेच रिसेट करावा लागतो.

तर बटण सोडा आणि आठवा, नक्की कधी बंद पडला? माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती याच उत्तरात असते.

चालू केल्यावर रिलेचा टक आवाज येतो किंवा यायच्या आतच दोन-चार सेकंदात बंद होतो, तर तार शॉर्ट आहे किंवा ॲम्प आतून गेलाय. आवाज कमी असताना तासन् तास चालतो पण आरतीला किंवा पिक्चरमधल्या हाणामारीला आवाज वाढवला की पडतो, तर स्पीकरचे ओहम, म्हणजे करंटला होणारा विरोध, कमी पडतायत असा संशय घ्या (नुसती टेकत असलेली एखादी सैल तारसुद्धा असं करते). आणि अर्धा-पाऊण तास नीट चालून मग पडतो, थोडा वेळ थांबलं की परत नीट चालतो, तर उष्णता. काही सेट स्वतःच सांगतात, यामाहाच्या डिस्प्लेवर CHECK SP WIRES येतं, डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये लाल दिवा साधारण दोन-दोन सेकंदांनी लुकलुकला तर गरम झालाय आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने भराभर लुकलुकला तर तारा तपासा किंवा ॲम्प गेलाय. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा बघून घ्या.

आधी सगळे स्पीकर काढून बघा

प्लग बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मग मागच्या सगळ्या स्पीकरच्या तारा काढा, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक तारेला कागदाची चिकटपट्टी लावून नाव लिहा. HDMI च्या केबलीही काढल्या तर चांगलं. टर्मिनलच्या आसपास बारीक तांब्याचा धागा पडलेला नाही ना ते टॉर्च मारून बघा, लाल आणि काळ्याच्या मध्ये एक केसाएवढा धागा आडवा पडला तरी पुरतो. गरम असेल तर तासभर थंड होऊ द्या.

आता काहीही न जोडता चालू करा, आवाज अगदी कमी ठेवून. चालू राहिला तर रिसीव्हर बहुतेक ठीक आहे, भानगड बाहेर आहे. काहीच जोडलेलं नसताना आणि थंड असतानाही पडला तर आतला ॲम्प किंवा पॉवर सप्लाय गेलाय, तुमच्या हातातलं काम संपलं, शेवटचा भाग वाचा.

मग तारा मोजा

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, ओहमच्या २०० वर लावा, दोन्ही पिना एकमेकांना टेकवून जे येतं (०.२ वगैरे) ते प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचं. रिसीव्हरपासून सुटी केलेली तार, पलीकडे स्पीकर जोडलेलाच, अशी मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ६ ओहमचा साडेचार-पाच, ४ ओहमचा सव्वातीनच्या आसपास. एकाच्या खाली आलं तर शॉर्ट. मग स्पीकरकडचं टोकही सोडवा आणि नुसती तार मोजा, तिने काहीच दाखवायला नको, मीटरवर OL किंवा 1 यायला हवं.

ओळखीच्या एकांच्या गुहागरकडच्या घरात झालेलं सांगतो, त्यात सगळंच एका ठिकाणी सापडलं. माजघरात ६ ओहमचे फ्रंट स्पीकर, आणि गणपतीत भजनाला पडवीत आवाज हवा म्हणून ८ ओहमचे दोन जुने स्पीकर त्याच टर्मिनलात तार घुसवून जोडलेले. आधी फक्त मोठ्या आवाजाला बंद पडायचा, पावसाळ्यात मात्र चालू केल्या केल्या पडायला लागला.

डाव्या बाजूला दोन्ही स्पीकर मिळून मीटरवर २.९ आलं. उजव्या बाजूला ०.४. उजवीकडचा पडवीचा जोड काढला तर फ्रंट स्पीकर एकटा ४.९, म्हणजे ठणठणीत. पडवीच्या तारेचं दुसरं टोक सोडवलं तरी ०.४ च, म्हणजे तारच आत कुठेतरी टेकतेय. बारा मीटर तार, वाशांवरून, चौकटीवरून ठोकत नेलेली, शोधणार कुठे?

यासाठी एक युक्ती आहे. शॉर्ट झालेली तार दोन्ही टोकांकडून मोजा. इथे रिसीव्हरकडून ०.४ आलं आणि पडवीकडून ०.२. म्हणजे शॉर्ट साधारण दोन तृतीयांश अंतरावर, रिसीव्हरपासून आठेक मीटरवर. ०.७५ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन मीटरमागे ०.०४६ ओहम लागतात, आठ मीटरला ०.३७, हिशोब जुळतो. स्वस्त मीटरचा शेवटचा आकडा डळमळतो म्हणून इकडेतिकडे दोन मीटर धरायचे, पण पूर्ण घर उकरण्यापेक्षा चार मीटर तपासणं बरं. आठ मीटरवर नेमकी पडवीच्या दाराची चौकट आली. तिथे तार लोखंडी यू खिळ्याने ठोकलेली, खिळा गंजून तांबडा झालेला आणि एक पाय प्लास्टिक फाडून दोन्ही तारांना लागलेला. पावसात लाकूड फुगतं, तार आणखी दाबली गेली आणि अधूनमधून टेकणारं कायमचं टेकलं. तो खिळा उपटून तेवढा तुकडा कापला, सोल्डर करून प्रत्येक तारेवर वेगळी हीट श्रिंक नळी चढवली, आणि पुढे सगळीकडे प्लास्टिकच्या क्लिपा मारल्या. माळ्यावरून तार गेली असेल तर उंदरांनी कुरतडलेलीही बघा, आपल्याकडे ते फार होतं.

टोकांकडेही लक्ष द्या. खाऱ्या हवेत सोललेलं तांबं हिरवंकाळं पडतं, त्याने शॉर्ट होत नाही पण धागे ठिसूळ होतात, हात लावला की तुटतात आणि शेजारच्या टर्मिनलवर पडतात. इंचभर कापून नवीन सोला, धागे घट्ट पिळा, बाहेर एकही सुटा राहू देऊ नका. बनाना प्लग लावलात तर हा त्रास बराच कमी होतो.

ओहमचं गणित

शॉर्ट काढला तरी त्या घरातली मूळ चूक तशीच होती. एकाच टर्मिनलावर दोन स्पीकर जोडले की ओहम वाढत नाहीत, कमी होतात. दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, म्हणजे ६ आणि ८ साठी ४८ भागिले १४, साधारण ३.४ ओहम. दोन्ही ८ चे असते तर ४. रिसीव्हरच्या मागे टर्मिनलजवळ बघा, 6–16 Ω असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे खालची मर्यादा. नळ दोन उघडले की टाकीतून पाणी जास्त जातं तसा इथे करंट जास्त ओढला जातो. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेतो, ३.४ ओहमचा जोड जवळजवळ सहा. हळू आवाजात हे चालून जातं, म्हणूनच लोकांना वाटतं की जोडणी बरोबर आहे.

मेनूमध्ये ओहमचं सेटिंग असतं, ते ४ वर टाकलं की झालं असं बरेच जण सांगतात. त्याने बहुतेक सेटमध्ये आतला व्होल्टेज किंवा ताकद कमी होते, तो कमी तापतो, पण मागे लिहिलेल्या मर्यादेखालचा जोड त्याने चालण्याजोगा होत नाही. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक, जोडायचं तर ओहमची बेरीज होते, सुरक्षित आहे, पण वेगवेगळे स्पीकर असतील तर आवाज विचित्र वाटतो. सेटला A आणि B असे वेगळे स्पीकर टर्मिनल असतील तर एका वेळी एकच लावा, दोन्ही लावले की बऱ्याच सेटमध्ये ते आतून पॅरलल होतात, म्हणजे एकाच टर्मिनलावर जोडल्यासारखे. त्या घरात हाच मार्ग घेतला, पडवीचे स्पीकर B वर, भजनाच्या वेळी आतला टीव्ही तसाही बंद असतो. दोन्हीकडे एकदमच आवाज हवा असेल तर ७.१ च्या सेटमधल्या मोकळ्या मागच्या चॅनलना Zone 2, म्हणजे दुसऱ्या जागेसाठीचा वेगळा आउटपुट, करा नाहीतर प्री-आउट, म्हणजे आतल्या ॲम्पच्या आधीचा सिग्नल देणारं सॉकेट, तिथून पडवीसाठी वेगळा छोटा ॲम्प लावा.

गरम होत असेल तर

हे लवकर आटपतं. वरती निदान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा, मागे आणि बाजूला मोकळं, वर सेट टॉप बॉक्स नको. काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये ठेवलेला असेल तर चालू असताना दारं उघडी. आणि वरचा तो विणलेला रुमाल काढाच, धूळ बसू नये म्हणून प्रेमाने घातलेला असतो पण नेमक्या गरम हवेच्या जाळीवरच बसतो. जाळीतली धूळ प्लग काढून मऊ ब्रशने साफ करा. एवढं करूनही पडला तर परत ओहम मोजा, कारण कमी ओहमनेच बऱ्याचदा गरम होतो.

आता परत जोडणी

एकदम सगळं जोडू नका. प्लग काढून एक स्पीकर जोडायचा, चालू करून पाचेक मिनिटं मध्यम आवाजात ऐकायचं, बंद करून पुढचा. ज्याच्यानंतर पडेल तोच दोषी.

रिपेअरवाल्याकडे कधी

स्पीकर नसताना पडत असेल तर कव्हर उघडायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. दुकानात नुसतं 'चालत नाही' सांगू नका, किती सेकंदात पडतो, डिस्प्लेवर काय येतं, दिवा कसा लुकलुकतो आणि स्पीकर न जोडता पडतो हे सांगा, त्याचा शोधायचा वेळ वाचतो. 'प्रोटेक्शन बायपास करून देतो' कोणी म्हणालं तर सेट उचला आणि दुसरीकडे जा, कारण आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असताना बायपास केलं की डीसी सरळ स्पीकरमध्ये जातो आणि कॉइल जळते.

सेट दुरुस्त होऊन आला की जोडायच्या आधी प्रत्येक स्पीकर परत मोजा. OL आला तर कॉइल तुटलीय, एकाच्या खाली आला तर जळून चिकटलीय. आकडा बरोबर असेल तरी वूफरचा कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका, सारखा दाबून बघा, घासल्याचा खरखर आवाज आला तर तो स्पीकर बाजूला ठेवा, नव्या ॲम्पला लावू नका.